मॅडमना दिलेलं मराठी टिपण

पहिल्या वर्षी मी सहा अमेरिकन विद्यापीठांत एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी अर्ज केले आणि सहाही ठिकाणांहून नकार आला. कारण कुणी कळवत नाही, त्यामुळे शिफारसपत्रांमुळेच ते झालं असं मी म्हणणार नाही. माझा गणिताच्या एम-थ्री पेपरचा बॅकलॉग होता, अर्जही घाईत भरले होते. पण एप्रिलमध्ये, सगळं संपल्यावर, तीनही पत्रं मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि मला फार वाईट वाटलं. तीनही पत्रं मीच लिहिली होती.

पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही ही पद्धत माहीत असते. सरांकडे एलओआर, म्हणजे शिफारसपत्र, मागायला गेलं की सर म्हणतात, "ड्राफ्ट करून आण, मी बघून सही करतो." त्यांचाही इलाज नसतो. ऑक्टोबरपासून सबमिशन, ओरल, पेपर तपासणी, आणि दर वर्षी वीस-पंचवीस मुलं एलओआर मागायला दारात. मी एका सल्लागार संस्थेकडून नमुना घेतला, त्यात माझी माहिती भरली, तीन वेगळ्या फॉन्टमध्ये तीन पत्रं केली आणि कॉलेजच्या लेटरहेडवर छापून घेतली. सह्या दोन दिवसांत मिळाल्या.

शेजारी ठेवून वाचताना दिसलं ते असं. तीनही पत्रांत मी सिन्सिअर, हार्डवर्किंग आणि पंक्च्युअल होते. तिन्हींत 'मोरओव्हर'ने सुरू होणारा परिच्छेद होता. एकाच प्रोजेक्टचं वर्णन तीन लोकांनी जवळजवळ त्याच शब्दांत केलं होतं, त्यांतल्या एकाने तर तो प्रोजेक्ट कधी पाहिलाही नव्हता. मग मी एक साधी गोष्ट केली. प्रत्येक पत्रातलं माझं नाव अंगठ्याखाली झाकलं आणि स्वतःला विचारलं, हे पत्र वर्गातल्या दुसऱ्या कुणासाठी चालेल का? चाललं असतं. तिघांच्याही पत्रांत एकही वाक्य असं नव्हतं, जे फक्त लिहिणाऱ्यालाच माहीत असू शकेल.

आणखी एक गोष्ट मला नंतर जास्त टोचली. अर्जाच्या पोर्टलवर एक चौकट असते. अमेरिकेत 1974 च्या फेर्पा कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःची कागदपत्रं पाहण्याचा हक्क आहे. शिफारसपत्र पाहण्याचा हक्क मी सोडते, असं त्या चौकटीत लिहून देता येतं. बहुतेक सगळे सोडतात, कारण उमेदवाराला दिसणार आहे हे माहीत असलेल्या पत्रावर निवड करणारे तेवढा भरवसा ठेवत नाहीत. मीही त्यावर टिक केली होती. जे पत्र मी स्वतः टाइप केलं, ते पाहण्याचा हक्क मी सोडत होते. ते खोटं होतं. दुसऱ्या वेळी तसं करायचं नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

मध्ये मी सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांचं डिझाइन करणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये नोकरी धरली होती. दुसरा अर्ज करायचा ठरला तेव्हा जुलै सुरू होता. पहिला प्रश्न होता, पत्र कुणाचं घ्यायचं.

घरात यावर चर्चा झाली. बाबांचं म्हणणं होतं, प्राचार्यांचं एक पत्र हवंच, त्याला वजन असतं. काकांच्या ओळखीत एक निवृत्त कुलगुरू होते, ते आनंदाने लिहून देतील असं काका म्हणाले. मी दोघांना समजावलं की समोरचा माणूस पद बघत नाही, त्या माणसाने मला काय करताना पाहिलं ते बघतो. पोर्टलवर पत्र लिहिणाऱ्याला आधी तेच विचारतात: या विद्यार्थ्याला तुम्ही किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता. प्राचार्यांनी मला एकदा बक्षीस समारंभात पाहिलं होतं. कुलगुरूंनी तेवढंही नाही. ते काय लिहिणार? चांगल्या घरची मुलगी आहे, हेच. बाबांना ते लगेच पटलं नाही. काका अजूनही म्हणतात, ते पत्र जोडलं असतं तर नुकसान काय होतं. नुकसान हे की जागा तीनच असतात.

मी एक कागद घेतला आणि डाव्या बाजूला नावं लिहिण्याऐवजी प्रसंग लिहिले. गेल्या चार-पाच वर्षांत माझ्या हातून काही बरं किंवा अवघड काम झालं ते प्रसंग. उजव्या बाजूला, तेव्हा तिथे कोण उभं होतं. नावं आपोआप तीन निघाली: बीई प्रोजेक्टच्या गाईड मॅडम, तिसऱ्या वर्षी न्यूमेरिकल मेथड्स शिकवणारे सर, आणि फर्ममधले साईट सांभाळणारे एक सीनियर इंजिनिअर, ज्यांच्या हाताखाली मी रोज काम करत होते. फर्मचे डायरेक्टर यादीत आले नाहीत. ते मला मीटिंगमध्ये बघत, पण मी काय करते हे त्यांना या सीनियर सरांकडूनच कळत असे.

यादीत चौथं नावही होतं, ज्यांच्या विषयात मला सर्वांत जास्त मार्क होते. त्यांना भेटले. ते मोकळेपणाने म्हणाले, "लिहीन मी, पण खरं सांगू, मार्कांपलीकडे तुझं मला काही आठवत नाही." मी त्यांचे मनापासून आभार मानले आणि ते नाव काढून टाकलं. मार्क ट्रान्स्क्रिप्टमध्ये दिसतातच. ते पुन्हा सांगणाऱ्या पत्राने काहीही भर पडत नाही. म्हणून मी विचारतानाच असं विचारायला लागले, "माझ्या कामाबद्दल तुम्हाला तपशिलात लिहिता येईल का? नसेल तर स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही." नुसतं "एलओआर द्याल का" म्हटलं की आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही, आणि मग पत्र कोमट येतं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी मॅडमना भेटायला कॉलेजात गेले. पहिल्या वेळी सही करणाऱ्यांत त्याही होत्या. मी त्यांना सांगितलं की या वेळी मला ड्राफ्ट द्यायचा नाही, पत्र तुम्ही लिहावं अशी विनंती आहे. त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, मला आवडेल. पण तीन वर्षं झाली. नदीचं प्रोजेक्ट होतं ना तुमचं? चांगलं झालं होतं. त्यापुढे मला काय आठवणार?"

खरी अडचण ही होती. मॅडमना लिहायचं नव्हतं असं नाही, त्यांच्याकडे लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. दर वर्षी चार-पाच ग्रुप त्यांच्या हाताखालून जातात. त्यांची आठवण त्यांना परत मिळवून देणं हे माझं काम होतं, आणि शब्द देणं हे माझं काम नव्हतं. दोन्हींत फरक कसा राखायचा, यावर मी बरेच दिवस विचार केला. इंग्रजीत मुद्दे लिहून दिले तर घाईच्या दिवशी ते तसेच्या तसे पत्रात उतरणार, हे मला दिसत होतं. तो पुन्हा माझाच ड्राफ्ट झाला असता. म्हणून मी टिपण मराठीत लिहिलं. मराठी टिपणावरून इंग्रजी पत्र लिहायचं तर ते वाचून, आठवून, स्वतःच्या वाक्यात मांडावंच लागतं. या एका गोष्टीने जेवढं काम केलं तेवढं दुसऱ्या कशाने केलं नाही.

टिपणासाठी मी माळ्यावरून जुनी लॅबची वही काढली. आमच्या प्रोजेक्टमध्ये मुठेच्या आणि संगमापुढच्या मुळा-मुठेच्या पाण्याचा बीओडी मोजायचा होता, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते. दर सोमवारी सकाळी विठ्ठलवाडी, संगम आणि बंडगार्डन अशा तीन ठिकाणांहून नमुने घ्यायचे, 27 अंशांवर तीन दिवस ठेवायचे, आणि गुरुवारी विरघळलेला ऑक्सिजन किती कमी झाला ते टायट्रेशनने पाहायचं. नदीचं पाणी फार घाण असतं, त्यामुळे ते पोषकद्रव्यं घातलेल्या शुद्ध पाण्यात पातळ करावं लागतं. या डायल्यूशन वॉटरची नुसती एक बाटलीही सोबत ठेवायची, तिला ब्लँक म्हणतात. तिच्यातला ऑक्सिजन फारसा कमी व्हायला नको, लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कमी झाला तर पाण्यातच काहीतरी खात बसलंय असं समजायचं.

चार आठवडे आम्ही ब्लँकचे आकडे वहीत लिहीत होतो, पण कुणी त्यांची वजाबाकी करून पाहिली नव्हती. पाचव्या आठवड्यात एक्सेलमध्ये भरताना मला दिसलं की ब्लँक 0.9 ने खाली जातोय. म्हणजे तोवरचे बाराही नमुने भरवशाचे नव्हते. ग्रुपमधल्या दोघांचं मत होतं की आकडे तसेच ठेवू, तक्ता छान दिसतोय. मी मॅडमकडे गेले. मग पुढच्या सोमवारी मी तीन ब्लँक लावले: एक नेहमीच्या प्लॅस्टिकच्या कॅनमधल्या पाण्याचा, एक तोच कॅन घासून-धुऊन भरलेल्या पाण्याचा, आणि एक थेट डिस्टिलेशनच्या नळाखाली धरून तयार केलेल्या पाण्याचा. गुरुवारी पहिला 0.9, उरलेले दोन्ही 0.1 च्या आसपास. कॅनच्या आत बोट फिरवल्यावर बुळबुळीत थर लागत होता. बारा नमुने आम्ही टाकून दिले आणि दुसऱ्या ग्रुपलाही सांगितलं, कारण तेही त्याच कॅनमधलं पाणी वापरत होते.

हे सगळं मी टिपणात अर्ध्या पानात लिहिलं, तारखांसकट, आणि वहीच्या त्या पानाचा फोटो जोडला. एकही विशेषण घातलं नाही. 'मी प्रामाणिकपणे' किंवा 'चिकाटीने' असं लिहायचा मोह होतो. पण ती बाब मॅडमनी ठरवायची होती. मी काय केलं, आकडा काय होता, त्या वेळी मॅडम काय म्हणाल्या होत्या, एवढंच. असे दोनच प्रसंग दिले. दुसरा अहवाल लिहितानाचा होता, ज्यात माझं चुकलं होतं आणि मॅडमनी मला निष्कर्षाचं प्रकरण परत लिहायला लावलं होतं. तोही मुद्दाम ठेवला. सगळंच गोड असलेलं पत्र वाचणाऱ्याला खरं वाटत नाही.

टिपणाच्या खालच्या भागात मी कुठे अर्ज करतेय, त्या विभागात काय काम चालतं आणि मला ते का शिकायचंय हे चार ओळींत लिहिलं. सोबत सीव्ही, ट्रान्स्क्रिप्ट आणि माझ्या एसओपीचा, म्हणजे मला काय आणि का शिकायचंय ते सांगणाऱ्या निवेदनाचा, कच्चा मसुदा. एसओपी द्यायचं कारण असं, की मी तिकडे एक म्हणतेय आणि पत्र दुसरंच म्हणतंय असं होऊ नये. एकच गोष्ट दोघांनी सांगायला हवी असं मात्र नाही. ब्लँकचा प्रसंग मी एसओपीत एका ओळीत ठेवला, बाकीचं मॅडमवर सोडलं.

गणपतीनंतरच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. "अगं, तो कॅन! मी विसरूनच गेले होते. तुला माहितीये का, त्यानंतर मी लॅबमध्ये नियमच केला, ब्लँकची वजाबाकी दाखवल्याशिवाय कुणाच्या वहीवर सही करायची नाही. अजून चालू आहे तो." मला हे माहीत नव्हतं. माझ्या टिपणात ते नव्हतंच, असणं शक्यही नव्हतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. पत्रात काय असायला हवं हे मला त्या क्षणी नीट कळलं: जे फक्त त्यांच्या बाजूने दिसतं ते.

न्यूमेरिकल मेथड्सच्या सरांचं टिपण वेगळं होतं. तिघांना एकच टिपण दिलं असतं तर पत्रं पुन्हा एकमेकांच्या नकला झाली असती, म्हणून नदीचा प्रकल्प सरांच्या कागदावर नव्हताच. एम-थ्रीत मी नापास झाले हे सरांना माहीत होतं. तो पेपर परत देण्याआधी दर शनिवारी मी त्यांच्या केबिनमध्ये बसून गणितं सोडवत असे. पुढच्या वर्षी त्यांच्याच विषयात मी पाण्याच्या पाइपांच्या जाळ्यातला प्रवाह हार्डी क्रॉस पद्धतीने काढणारी शीट बनवली होती. जाळ्याच्या प्रत्येक वळशातली चूक थोडी थोडी दुरुस्त करत नेणारी ही 1936 ची पद्धत. आम्हाला हाताने दोन वळशांपर्यंत करायला शिकवतात, माझी शीट सहा वळसे करत होती. मी सरांना विचारलं, बॅकलॉगचा उल्लेख करावा असं तुम्हाला वाटतं का. ते म्हणाले, "मी केला नाही तर ते ट्रान्स्क्रिप्टवर बघतीलच, आणि कारण स्वतःच ठरवतील. मी सांगतो मी काय पाहिलं ते." नापास होण्याचं स्पष्टीकरण विद्यार्थ्याने दिलं की ती सबब वाटते. शिक्षकाने दिलं की तेच वेगळं वाचलं जातं.

सीनियर सरांच्या बाबतीत दोन अडचणी आल्या. पहिली, फर्मच्या एचआरने लेटरहेड द्यायला नकार दिला. नोकरीच्या तारखांचं पत्र मिळेल, मत व्यक्त करणारं पत्र फर्मच्या नावाने नाही, असा त्यांचा नियम होता. बऱ्याच कंपन्यांत असाच नियम असतो, हे आधी विचारून ठेवायला हवं होतं. शेवटी सरांनी साध्या कागदावर, स्वतःचं पद आणि माझ्याशी कामाचं नातं लिहून पत्र द्यायचं ठरलं, आणि पोर्टलवर मी त्यांचा फर्मचाच ईमेल पत्ता दिला. हे एचआरला विचारून केलं. ईमेल जीमेलचा असला की लिहिणारा खरंच तोच आहे का अशी शंका यायला जागा राहते, म्हणून संस्थेचा पत्ता हवा. दोन्ही शिक्षकांचेही मी कॉलेजचे पत्ते घेतले.

दुसरी अडचण जास्त नाजूक होती. सर डिप्लोमा करून वर आलेले, कामात पक्के, पण इंग्रजी लिहायला कचरत. म्हणाले, "तूच लिही ना, तुला माहितीये सगळं. मी डोळे झाकून सही करतो." नाही म्हणताना मला फार अवघड गेलं, कारण त्यांच्या मनात माझ्याबद्दल विश्वास होता. मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही मराठीत सांगा, ऑफिसमधले दुसरे कुणी इंग्रजीत टाइप करतील, पण मी खोलीत नसेन." तसंच झालं. आमच्या अकाउंट्सच्या ताई बसल्या, सर बोलले. मी त्यांना फक्त दोन पानांचं टिपण दिलं होतं. वाकडच्या एका सोसायटीच्या प्रकल्पाचं. तिथे डिझाइन माणशी 135 लिटर पाणी धरून केलं होतं, पण टाकी सकाळी भरून वाहायची. आकड्यांवर वाद घालण्याऐवजी मी एक पूर्ण दिवस आणि रात्र तिथे थांबून दर तासाला येणारं पाणी मोजलं. एकूण पाणी डिझाइनपेक्षा कमीच निघालं, पण सकाळी सात ते नऊ या दोन तासांत ते एकदम येत होतं आणि ते साठवून सावकाश पुढे सोडणारी समतोल टाकी लहान पडत होती. सर रात्री अकरा वाजता चहा घेऊन आले होते, हेही मी टिपणात लिहिलं. पत्रात ते यावं म्हणून लिहिलं नाही; ती रात्र त्यांना डोळ्यांपुढे यावी म्हणून.

पत्राशिवाय पोर्टलवर एक तक्ताही भरायचा असतो, त्याची तयारी पहिल्या वेळी मी अजिबात केली नव्हती. बुद्धी, लेखन, संशोधनाची क्षमता अशा प्रत्येक रकान्यात हा विद्यार्थी वरच्या दोन टक्क्यांत, पाच टक्क्यांत की पंचवीस टक्क्यांत, असं विचारतात, आणि किती विद्यार्थ्यांशी तुलना करताय तेही. मॅडमनी फोनवर विचारलं, "सगळीकडे टॉप पाच टक्के टाकू का?" मी त्यांना सांगितलं की 64 जणांच्या वर्गात माझा नववा नंबर होता, म्हणजे वरचे चौदा टक्के, अभ्यासाच्या रकान्यात त्याहून वर टाकलं तर ट्रान्स्क्रिप्टशी जुळणार नाही. संशोधनाच्या रकान्यात मात्र त्यांनी त्यांच्या हाताखालच्या प्रोजेक्टच्या मुलांशी तुलना करावी, ती फक्त त्याच करू शकतात. तिथे त्यांनी काय टाकलं ते मला माहीत नाही. सगळ्या रकान्यांत एकच वरची खूण असलेला तक्ता आणि मजकुरात साधंसं पत्र असं असलं, तर वाचणारा तक्त्याकडे दुर्लक्ष करत असणार, असं मला वाटतं.

आता वेळापत्रकाचं थोडं. आठ ठिकाणी अर्ज, प्रत्येकी तीन पत्रं, म्हणजे चोवीस अपलोड. मी तिघांना एकाच पानावर विद्यापीठ, मुदत आणि मेल कोणत्या पत्त्यावरून येईल हे लिहून दिलं. सगळी नावं पोर्टलवर एकाच दिवशी, दसऱ्यानंतर लगेच भरली, म्हणजे दुवे एकदम येतील. तरी दोन ठिकाणी दुवा गेलाच नाही, कारण त्या पोर्टलवर अर्ज पूर्ण भरून पाठवल्यावरच तो सुटतो. ते कळल्यावर मी ते दोन अर्ज दिवाळीच्या आधीच पाठवून दिले. कॉलेजच्या मेलवर एक दुवा स्पॅममध्ये पडला होता, तो सरांनी मी विचारल्यावर शोधला. मुदतीच्या वेळेबद्दल एक नीट लक्षात ठेवायचं: पंधरा डिसेंबर रात्री 11:59, तीही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची, म्हणजे आपल्याकडे सोळा तारखेची सकाळ, 10:29. मी तिघांना मुदत दहा डिसेंबर सांगितली होती. दोघांनी त्याआधी केलं. मॅडमच्या ओरल परीक्षा चालू होत्या, त्यांचं शेवटचं पत्र चौदाला गेलं. आठवण करून द्यायला मी फोन केला नाही. पोर्टलवर आठवणीचा मेल पाठवायचं बटण असतं ते एकदा दाबलं आणि एकदा स्वतः कॉलेजात जाऊन आले.

त्या दिवशी मॅडमच्या टेबलावर पत्र उघडं होतं. त्या म्हणाल्या, "वाचतेस का? काही राहिलं असेल तर सांग." मला वाचायचं होतं, खूप. मी म्हटलं, "नको मॅडम, मी हक्क सोडल्याचं लिहून दिलंय." त्यांनी लॅपटॉप मिटला आणि चहा मागवला.

फेब्रुवारीत एका विद्यापीठातल्या प्राध्यापिकेने रिसर्च असिस्टंटशिपसाठी व्हिडिओ कॉलवर बोलावलं. पाच मिनिटांत त्यांनी विचारलं, की दोष कॅनचाच आहे, रसायनांचा किंवा बाटल्यांचा नाही, हे तुम्ही कसं ठरवलं? मी एसओपीत कॅनचा शब्द लिहिला नव्हता. मी तीन ब्लँकचं सांगितलं. तीनही बाटल्यांना रसायनं एकाच बाटलीतली, बाटल्या एकाच धुण्यातल्या, फरक फक्त पाणी कुठून आलं याचा, म्हणजे उरला तो कॅन. त्यांनी पुढे विचारलं, तीन दिवस थांबण्याऐवजी आणखी लवकर कळण्याचा मार्ग होता का. मी म्हटलं, तेव्हा सुचला नाही. आज सुचवायचं तर दर आठवड्याला कॅन बदलला असता. त्या हसल्या आणि लिहून घेत राहिल्या. एप्रिलपर्यंत तीन ठिकाणांहून प्रवेश आला, त्यांतल्या या एका ठिकाणी निधीसकट.

तिघांनाही मी स्वतः जाऊन सांगितलं. मॅडमना पेढे दिले. न्यूमेरिकलच्या सरांनी पहिलं वाक्य विचारलं ते तिथे गणिताचे कोणते विषय घ्यायचे आहेत हे. सीनियर सर साईटवर होते, हेल्मेट काढून ऐकत उभे राहिले.

"त्या रात्रीचं काही विचारलं का गं त्यांनी? वाकडचं?"

"नाही सर, नाही विचारलं."

"पण वाचलं असेल ना?"

"वाचलं असणार, सर."

त्यांनी मान हलवली आणि टाकीकडे वळले.